दोन बटणं आणि दहा सेकंद

जुन्या ट्रान्झिस्टरचा कान उलटा पिळला की शेवटी ‘टक्’ असा आवाज यायचा आणि रेडिओ गप्प व्हायचा. तो आवाज खराखुरा होता. आत धातूच्या दोन पट्ट्या एकमेकींपासून अलग होत आणि सेलांमधून येणारी वीज तिथल्या तिथे तुटे. रेडिओची इच्छा असो वा नसो, तो बंद होई.

आपल्या हातातल्या टॅबला, म्हणजे टॅब्लेटला, कडेवर एक बटण असतं. ते दाबलं की पडदा काळा होतो आणि आपल्याला वाटतं, हाही तसाच स्विच. पण तो स्विच नाही. ती दारावरची घंटा आहे. आपण घंटा वाजवतो, आतला प्रोग्रॅम ती ऐकतो, आणि मग सवडीने पडदा मालवतो किंवा ‘बंद करायचं का?’ असं विचारतो. आतलं माणूसच मूर्च्छा येऊन पडलं असेल, तर बाहेर कितीही घंटा वाजवा, दार उघडायला कोण येणार? टॅब हँग झाला म्हणजे नेमकं हेच झालेलं असतं. स्क्रीनवर चित्र दिसत राहतं, कारण ते चित्र स्मृतीतून उचलून पडद्यावर पुन्हा पुन्हा रंगवणारं सर्किट वेगळं असतं आणि ते आपलं काम इमानेइतबारे करत असतं. फक्त नवं चित्र काढून देणारा कुणी उरलेला नसतो.

खऱ्या स्विचची अशी घंटा केव्हा झाली, आणि घंटा कुणी ऐकेनासं झालं की काय करायचं याचे उपाय कसे बदलत गेले, त्याची ही हकिकत आहे.

सुरुवात आय.बी.एम.च्या पर्सनल कॉम्प्युटरपासून करू. तो १९८१ च्या ऑगस्टमध्ये बाजारात आला. अमेरिकेत फ्लोरिडा राज्यातल्या बोका रॅटन इथे तो तयार करणाऱ्या छोट्या गटात डेव्हिड ब्रॅडली नावाचे अभियंते होते. नवं यंत्र बनवताना ते दिवसातून कितीतरी वेळा अडकायचं. दर वेळी मुख्य स्विच बंद करून चालू करावा, तर यंत्र आपली सगळी स्मृती पहिल्यापासून तपासत बसे आणि फुकट वेळ जाई. म्हणून ब्रॅडलींनी एक आडवाट काढली. कंट्रोल, ऑल्ट आणि डिलीट या तीन कळा एकदम दाबल्या की यंत्र ती तपासणी वगळून नव्याने सुरू व्हायचं. आधी त्यांनी तिसरी कळ एस्केपची घेतली होती. पण त्या तिन्ही कळा डाव्या बाजूला जवळजवळ होत्या, म्हणजे एका हाताच्या धक्क्यानेही दाबल्या जाऊ शकत होत्या. म्हणून तिसरी कळ दूर उजवीकडची निवडली. आता दोन्ही हात लागणार, म्हणजे माणसाने जाणूनबुजूनच दाबलेलं असणार. ‘चुकून घडू नये म्हणून दोन हात’ हे तत्त्व तिथून पुढे टिकलं.

या युक्तीला एक मर्यादा होती. त्या तीन कळा ओळखणारा शेवटी एक प्रोग्रॅमच होता. कळफलकाकडून खूण आली की मुख्य प्रोसेसरने हातातलं काम थांबवून तिच्याकडे बघायचं, अशी व्यवस्था होती. प्रोसेसरने अशा खुणांकडे बघणंच सोडून दिलं असेल, तर तीन कळा दाबून काही होत नसे. मग मुख्य स्विच होताच. पुढे इतर कंपन्यांनी बनवलेल्या अनेक पी.सी.वर समोरच ‘रीसेट’चं वेगळं बटण आलं. आणि तेही नसलं, तर भिंतीतला प्लग उपसायचा. प्लगपुढे कुठल्याही प्रोग्रॅमचं काही चालत नाही.

नव्वदीच्या दशकात मेजावरच्या कॉम्प्युटरमधूनही खरा स्विच समोरून हलला. ‘बंद करा’ म्हटल्यावर प्रोग्रॅमने आपल्या फायली नीट मिटवाव्यात आणि मग स्वतःच वीज तोडावी, ही सोय हवी होती. त्यासाठी समोरच्या बटणाची घंटा करणं भाग होतं. पण ज्यांनी ती केली, त्यांना मूर्च्छेचा प्रश्नही ठाऊक होता. १९९६ च्या डिसेंबरमध्ये इंटेल, मायक्रोसॉफ्ट आणि तोशिबा यांनी वीजव्यवस्थेचे जे नियम प्रसिद्ध केले, त्यांत एक तरतूद आहे. बटण चार सेकंदांहून जास्त दाबून धरलं, तर प्रोग्रॅमला न विचारता यंत्राने वीज तोडायची. लॅपटॉप अडकला की आपण बटण दाबून धरतो आणि तो बंद पडतो, त्यामागे ही तरतूद आहे.

खिशात मावणाऱ्या यंत्रांची गोष्ट थोडी निराळी झाली. त्यांना प्लग नव्हता, पण बॅटरी काढता येत होती. मोबाइल फोन अडकला की मागचं झाकण सरकवायचं, नखाने बॅटरी उचलायची, थोडं थांबून परत घालायची. फोन दुरुस्त करणाऱ्यापासून कॉलेजच्या पोरांपर्यंत सगळ्यांना हा उपाय पाठ होता. प्लग उपसण्याचंच ते लहान रूप.

मात्र एका यंत्राला हा उपाय परवडणारा नव्हता. १९९६ साली आलेला ‘पाम पायलट’ हा तळहातावर मावणारा छोटा कॉम्प्युटर दोन बारीक सेलांवर चाले. त्यातले पत्ते, नोंदी, भेटीच्या वेळा हे सगळं अशा स्मृतीत असे, जी वीज गेली की पुसली जाते. सेल बदलायचे तर साधारण मिनिटभरात बदलावे लागत. म्हणजे अडकलेलं यंत्र सोडवायला सेल काढून ठेवावेत, तर माहितीच जायची. म्हणून पामच्या पाठीवर एक बारीक भोक ठेवलं होतं. त्यात कागदाला लावायच्या क्लिपचं टोक सरळ करून खुपसलं की आतलं रीसेटचं बटण दाबलं जाई. वीज चालूच राही, नोंदी शाबूत राहत, फक्त प्रोग्रॅम पहिल्यापासून सुरू होई. पुढच्या काही मॉडेलांत तर लिहिण्याच्या लेखणीचं टोक फिरवून काढलं की आत त्यासाठीची टाचणीच मिळायची.

यानंतर बॅटरी सीलबंद झाली. ऑक्टोबर २००१ मध्ये ॲपलने आयपॉड जाहीर केला. त्याच्या पाठीला चकचकीत स्टीलचं कवच होतं आणि त्यावर ना झाकण, ना स्क्रू, ना भोक. गाणं वाजता वाजता तो अडकला तर प्लग नाही, सेल नाहीत आणि टाचणी खुपसायला जागाही नाही. त्यामुळे उपाय पुढच्या बटणांतच बसवावा लागला. ‘मेन्यू’ आणि ‘प्ले’ ही दोन बटणं एकदम पाच-दहा सेकंद दाबून धरायची. जून २००७ मध्ये आयफोन आला, तेव्हा जोडी बदलली. वरच्या कडेचं बटण आणि समोरचं गोल ‘होम’ बटण, दोन्ही दहा सेकंद. एप्रिल २०१० मध्ये आयपॅड विक्रीला आला, तेव्हा त्यालाही हीच जोडी मिळाली.

बॅटरी सीलबंद का केली, याचं एक कारण विक्रीचं असेलही, पण दुसरं रचनेचं आहे. ग्राहकाच्या हातात पडणारी बॅटरी टणक कवचाची असावी लागते. तिला संपर्काच्या पट्ट्या लागतात, यंत्रात तिच्यासाठी खण लागतो आणि खणावर झाकण लागतं. टॅबमधला लिथियमचा सेल बहुधा पातळ चंदेरी पाकिटासारखा असतो. त्याला कवच नसतं. नखाने, चावीने तो टोचला गेला तर आतले थर एकमेकांना भिडतात आणि तो पेट घेऊ शकतो. तो यंत्राच्या पोटात चिकटवून टाकला की यंत्राचं कवच तेच त्याचंही कवच होतं आणि वाचलेल्या जागेत आणखी बॅटरी बसते. पहिल्या आयपॅडचं वजन सुमारे ६८० ग्रॅम होतं. त्यात २५ वॉट-तासांची बॅटरी होती आणि ती दहा तास चालेल असा कंपनीचा दावा होता.

या दहा तासांची दुसरी बाजू बघा. असा टॅब पडदा पेटलेला असताना अडकला, तर बॅटरी संपून तो आपोआप मरायला तेवढेच तास लागतील. पडदा काळा असताना अडकला, तर कदाचित काही दिवस. तोवर आपल्या हातात निर्जीव पाटी. पूर्वी बॅटरी काढून जे होत होतं, ते आता कुणीतरी आतून करायला हवं होतं.

हे काम करणारी एक वेगळी चिप असते. तिला वीज-व्यवस्थापक म्हणू. बॅटरीची वीज आधी तिच्याकडे येते, आणि मग प्रोसेसर, स्मृती, पडदा यांना लागेल तेवढी ती वाटते. टॅब ‘बंद’ असतानाही ही चिप जागी असते, म्हणून तर बटण दाबल्यावर तो चालू होतो. तिच्यात प्रोग्रॅमवर विसंबून नसलेलं एक साधं घड्याळ असतं. कडेच्या बटणाची तार या चिपमध्ये जाते. अनेक अँड्रॉइड टॅबांत आवाज कमी करण्याच्या बटणाची तारही थेट तिच्यातच जाते. दोन्ही बटणं एकदम दाबली गेली की घड्याळ मोजू लागतं. बोट उचललं की मोजणी शून्यावर. ठरलेले सेकंद पूर्ण झाले, की काही चिपा आधी प्रोसेसरला एक शेवटची सूचना देतात, म्हणजे तो शुद्धीवर असलाच तर काही वाचवू शकेल. त्यानंतर त्याच्या उत्तराची वाट न पाहता त्याची वीज तोडली जाते किंवा त्याला मुळापासून रीसेट केलं जातं, आणि यंत्र नव्याने सुरू होतं. बॅटरी काढून परत घालण्याचीच ही क्रिया, फक्त बोटांऐवजी चिपने केलेली.

आता या जोडीतले नियम आपोआप उलगडतात. एकच बटण का नको? कारण दप्तरात पुस्तकाच्या दाबाने एक बटण सहज दाबलं जातं. सात-दहा सेकंद का? कारण तीच बटणं थोडा वेळ दाबण्याला दुसरे अर्थ दिलेले असतात. अनेक अँड्रॉइड टॅबांवर कडेचं बटण आणि आवाज कमीचं बटण क्षणभर दाबलं की पडद्याचा फोटो निघतो. आणि स्क्रीनवर बोट ठेवून हे का करता येत नाही? कारण बोटाचा स्पर्श ओळखणारा प्रोग्रॅमच तर बेशुद्ध असतो. बटण खरंखुरं दाबलं जाणारं हवं आणि त्याची तार शुद्धीवर असणाऱ्या चिपपर्यंत पोचायला हवी.

हा शेवटचा नियम किती पक्का आहे, ते २०१६ साली दिसलं. त्या वर्षीच्या आयफोन ७ मध्ये होम बटण पूर्वीसारखंच दिसत होतं, पण ते आत दबत नव्हतं. बोटाचा स्पर्श ओळखून ते फक्त थरथरायचं आणि दबल्याचा भास द्यायचं. तो भास प्रोग्रॅमनेच घडवलेला. साहजिकच सक्तीच्या रीस्टार्टच्या जोडीतून होम बटण गेलं आणि त्या जागी आवाज कमी करण्याचं बटण आलं. पुढे ज्या आयपॅडांना होम बटणच उरलं नाही, त्यांच्यात तीन पायऱ्या आल्या. वरच्या बटणाच्या जवळचं आवाजाचं बटण दाबून लगेच सोडायचं, मग लांबचं दाबून लगेच सोडायचं, आणि शेवटी वरचं बटण ॲपलचं चिन्ह दिसेपर्यंत धरून ठेवायचं.

हे ज्ञान वेळेवर असण्या-नसण्याने काय फरक पडतो, ते शेजारच्या एका वहिनींच्या टॅबने दाखवलं. त्या महिला बचत गटाचा हिशेब बघतात. तीन वर्षांच्या नोंदी आणि पावत्यांचे फोटो त्यांच्या अँड्रॉइड टॅबवरच होते, दुसरीकडे कुठेही नव्हते. एका सकाळी तो अडकला. त्यांनी कडेचं बटण दाबून पाहिलं, चार्जर लावून पाहिला, मग बाजारातल्या एका दुकानात नेला. दुकानदार म्हणाला, “फॉरमॅट मारावा लागेल, डेटा जाईल.” त्या घाबरून परत आल्या आणि मला म्हणाल्या, “भाऊजी, बायकांच्या पैशांचा हिशेब आहे हो यात. फॉरमॅट न करता काही होतं का बघा.”

मी आधी पडद्याच्या कोपऱ्यातलं घड्याळ पाहिलं. त्यात १०:४२ वाजले होते, आणि आमच्या भिंतीवर दुपारचा एक. ही सर्वांत सोपी परीक्षा आहे. टॅबचं घड्याळ पुढे सरकत असेल, तर आतला प्रोग्रॅम जिवंत आहे आणि बिघाड स्पर्शाचा आहे. स्क्रीन ओली असेल, काच तडकली असेल किंवा हलका चार्जर लावलेला असेल. घड्याळ थांबलं असेल तर यंत्र खरोखर हँग आहे. मग चार्जर काढून मी वहिनींना कडेचं आणि आवाज कमीचं बटण एकदम दाबायला सांगितलं. त्यांनी चारपर्यंत मोजलं आणि काही होईना म्हणून बोटं उचलली. इथेच बहुतेकांची निराशा होते, कारण चार सेकंदांत काहीच दिसत नाही. दुसऱ्या खेपेला मी मोठ्याने आकडे मोजले. नऊवर पडदा काळा झाला, टॅब एकदा थरथरला आणि थोड्या वेळाने कंपनीचं चिन्ह उमटलं. नोंदी सगळ्या जागच्या जागी होत्या. त्या सकाळी लिहीत असलेली, जतन न केलेली एक नोंद तेवढी गेली.

नोंदी वाचल्या, कारण टॅबची साठवण पामसारखी नाही. वीज गेली तरी ती पुसली जात नाही. शिवाय आजच्या यंत्रणा अर्धवट लिखाणापासून स्वतःला जपतात. दुकानदार आधी रोजकीर्दीत नोंद करतो आणि मग खातेवहीत उतरवतो, तशीच त्यांतल्या अनेकांची रीत असते. मध्येच वीज गेली तर सुरू होताना रोजकीर्द पाहून खातं जुळवलं जातं. तरीही यंत्राचं अपडेट चालू असताना, पडद्यावर पट्टी हळूहळू का होईना सरकत असेल, तर ही बटणं दाबू नयेत. ते यंत्र अडकलेलं नसतं, कामात असतं.

एका फसव्या जागेबद्दल सांगायलाच हवं. आवाज कमीच्या ऐवजी आवाज वाढवण्याचं बटण धरलं गेलं, तर काही अँड्रॉइड टॅब काळ्या पडद्यावरची एक इंग्रजी यादी दाखवतात. ती दुरुस्ती करणाऱ्यांसाठी असते. तिच्यात Reboot system now अशी ओळ असते, ती निवडली की टॅब काहीही न गमावता नेहमीसारखा सुरू होतो. त्याच यादीत Wipe data/factory reset अशीही ओळ असते. ती निवडली की फोटो, नोंदी, सगळं जातं. दुकानदार ज्याला फॉरमॅट म्हणत होता ते हेच. रीस्टार्ट आणि रीसेट हे शब्द बोलताना सरमिसळ होतात, पण यांतला पहिला प्रकार झोपलेल्याला हलवून उठवणं आहे आणि दुसरा घर रिकामं करणं.

बटणं धरूनही काहीच झालं नाही, तर आधी बॅटरी रिती असल्याची शंका घ्यावी. वीजच नसेल तर व्यवस्थापक चिपही काही करू शकत नाही. टॅब चांगल्या चार्जरला तासभर लावून ठेवावा आणि मग पुन्हा बटणं धरावीत. बटणच आत रुतून बसलं असेल, तर बॅटरी पूर्ण संपू देऊन मग चार्ज करणं हा शेवटचा घरगुती मार्ग. पण काच कडेने उचलली गेली असेल किंवा पाठ फुगली असेल, तर ना चार्जर लावावा, ना दाबून पाहावं. आतलं पाकीट फुगलेलं आहे, ते जाणकाराकडूनच काढून घ्यावं. आणि टॅब दर आठवड्याला अडकत असेल, तर दोन बटणं हा उपाय नव्हे, ते फक्त जागं करणं आहे. वहिनींच्या टॅबमध्ये साठवणीची जागा जवळपास संपली होती. जुने व्हिडिओ काढले, नोंदींची एक प्रत पेन ड्राइव्हवर घेतली, त्यानंतर तो अडकलेला नाही.

बॅटरी पुन्हा काढता येऊ लागली तर? युरोपीय संघाने २०२३ साली केलेल्या नियमात, १८ फेब्रुवारी २०२७ पासून अशा उपकरणांतल्या बॅटऱ्या, काही अपवाद सोडून, वापरणाऱ्याला स्वतः बदलता याव्यात अशी अट आहे. पण त्यासाठी स्क्रू आणि पेचकस लागला तरी नियमाला चालतं. वर्षांनंतर थकलेली बॅटरी बदलायला ते ठीक. भर दुपारी अडकलेला टॅब सोडवायला पेचकस शोधत कुणी बसणार नाही. त्या वेळी कडेची दोन बटणं धरायची आणि मोठ्याने दहापर्यंत मोजायचं. चारवर बोटं उचलायची नाहीत, एवढंच.